उकळी फुटल्यानंतरची दोन मिनिटे

“पेस्ट्री क्रीम रात्री छान घट्ट झालेलं असतं आणि सकाळी टार्टमध्ये भरायला जावं तर पातळ! गुठळ्याही राहतात, अंड्याचा वास येतो. मॅडम, कॉर्नफ्लोअर वाढवू का?”

वाढवू नका, कारण क्रीम आचेवरून लवकर उतरते आहे. अंड्याच्या बलकात अमायलेज नावाचे विकर असते आणि ते स्टार्च तोडते. क्रीम दाटू लागताच ते फाटेल या भीतीने गॅस बंद केला, तर हे विकर शाबूत राहते आणि रात्रभर फ्रिजमध्ये आपले काम करत बसते. फाटण्याची भीती बिनस्टार्चच्या कस्टर्डला खरी आहे. येथे मात्र कॉर्नफ्लोअर बलकातील प्रथिनांना सहजी गोळा होऊ देत नाही, म्हणून हे क्रीम निर्धास्त उकळता येते.

कोथरूडच्या वर्गात मी अर्धा लिटर दुधाला 4 बलक, 100 ग्रॅम साखर आणि 40 ग्रॅम कॉर्नफ्लोअर घेते. साखर व कॉर्नफ्लोअर आधी कोरडेच एकत्र करावे, म्हणजे पिठाचे कण सुटे राहतात, आणि मग त्यात बलक व त्याच अर्ध्या लिटरमधले थोडे थंड दूध घालून लगेच फेटावे. बलकावर साखर नुसती पडू दिली, तर ती त्यातील पाणी ओढून घेते आणि जे कडक कण तयार होतात ते पुढे विरघळत नाहीत. उरलेले दूध गरम करून बारीक धारेने ओतावे, सतत फेटत राहावे आणि सगळे मिश्रण जाड बुडाच्या पातेल्यात मध्यम आचेवर ठेवावे.

आता लक्ष पातेल्याच्या कडेला हवे, कारण गुठळी तिथेच धरते. वरचा फेस विरतो, क्रीम एकाएकी दाटते. दोन-तीन सेकंद हात थांबवला की मधोमध एक जड बुडबुडा फुटतो. वेळ मोजायची ती इथून: आच किंचित कमी करून, न थांबता ढवळत, पूर्ण दोन मिनिटे. पुण्याच्या उंचीवर पाणी साधारण 98 अंशांना उकळते, तेवढी उष्णता पुरेशी आहे. या दोन मिनिटांत क्रीमला चकाकी येते आणि कच्च्या पिठाची चव जाते. ते किंचित सैल वाटले तरी घाबरू नये.

वासाचे कारण बहुधा बलकाला चिकटून आलेला पांढरा भाग असतो. बलक तळहातावर घेऊन तो पांढरा भाग बोटांच्या फटीतून निथळू द्यावा आणि शिजलेले क्रीम गरम असतानाच गाळावे. त्यानंतर 30 ग्रॅम लोणी आणि व्हॅनिला घालावे.

मे महिन्यात ते ओट्यावर निवत ठेवू नये. पसरट ताटात ओतून, पृष्ठभागाला टेकेल असा प्लास्टिकचा कागद लावून लवकर थंड करावे आणि फ्रिजमध्ये ठेवावे. सकाळी ते खरवसासारखे थिजलेले दिसेल. भरण्याआधी थोडेसेच फेटावे, कारण जास्त फेटल्यास बसलेली घडण मोडते आणि ती पुन्हा तितकी घट्ट होत नाही.