पाटल्यांची दोन बिलं आणि 2.400 ग्रॅमची घट

लेकीच्या लग्नासाठी साध्या, बिनखड्याच्या पाटल्यांची जोडी घ्यायची होती. खडे, लाख, मोती काही नको, म्हणजे काट्यावर येईल ते सगळं वजन सोन्याचंच. दोन दुकानांची तुलना करायची तर असाच दागिना घ्यावा. ठुशी किंवा मंगळसूत्र असेल तर मणी-लाखेचं वजन वजा करण्यातच अर्धा वेळ जातो.

आधी मोठ्या रस्त्यावरच्या शोरूममध्ये गेलो, कारण त्यांची जाहिरात होती: मजुरी फक्त 6 टक्के. शिवाय 22 कॅरेटचा भावही गावापेक्षा कमी, ग्रॅमला 9,000. पाटल्या पसंत पडल्या आणि काट्यावर 30.000 ग्रॅम भरल्या. तिथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग हातात एक छापील चिठ्ठी आली आणि तिच्यावर वजन होतं 32.400.

मी म्हटलं, "आत्ता काट्यावर तीस होतं ना?"

"ताई, ते घट धरून असतं."

"किती टक्के घट?"

"ते सिस्टिममध्येच असतं. तुम्ही शेवटची रक्कम बघा ना, त्यात कमी-जास्त करू आपण."

इथे जे अडकलं ते अडकलंच. मला चारच आकडे हवे होते: निव्वळ वजन, भाव, घडवताना उडणाऱ्या सोन्याची घट, मजुरी. सेल्समन म्हणाला मॅनेजर सांगतील, मॅनेजर म्हणाले बिल झाल्यावर सगळं दिसेल, आणि बिल करायला आधी दागिना नक्की करा. मधे चहा आला, नंतर सरबत आलं, आकडे काही येईनात. लाखांचा व्यवहार करणाऱ्या माणसाला चार आकडे लिहून द्यायला एवढी टाळाटाळ का, याचा राग मला अजून येतो. शेवटी मीच चिठ्ठीच्या पाठीमागे हिशेब मांडला. तिसावर 2.400 म्हणजे 8 टक्के घट.

त्या 8 टक्क्यांनी काय होतं ते बघा. 32.400 ग्रॅम गुणिले 9,000 म्हणजे 2,91,600. आता ती 'फक्त 6 टक्के' मजुरी. ती 30 ग्रॅमच्या सोन्यावर लावलेली नव्हती, या फुगलेल्या रकमेवर लावली होती: 17,496. म्हणजे जे सोनं मला मिळणारच नाही त्याच्यावरही मजुरी. एकूण झाले 3,09,096. यातलं माझ्या लेकीच्या हातात जाणारं सोनं 30 ग्रॅमचं, म्हणजे 2,70,000 रुपयांचं. वरचे 39,096 ही खरी घडणावळ. टक्केवारी काढली तर जवळजवळ साडेचौदा. जाहिरातीत सहा!

मॅनेजरांना हे दाखवलं तर म्हणाले, "हॉलमार्कचं सोनं आहे मॅडम, त्यात घट जातेच." याला काहीही अर्थ नाही. हॉलमार्किंगचं शुल्क दागिन्यामागे 45 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे जोडीला 106 रुपये 20 पैसे. दागिना हलका असो वा जड, शुल्क तेवढंच. आणि 916 या आकड्याचा अर्थ एवढाच की हजार भागांत 916 भाग चोख सोनं. 22 कॅरेटचा भाव लावला की ती शुद्धता भावातच आली, तिच्यासाठी वेगळं काही द्यायचं नसतं.

घट मुळात खोटी नाही, हेही सांगते. हाताने घडवताना कानस चालते, डाख लागतो, पॉलिश होतं, थोडं सोनं उडतं. पण सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा विकला जातो. झारेकरी तो धुऊन त्यातून सोनं काढतात, पिढ्यान् पिढ्या. उडालेलं सोनं बऱ्याच अंशी परत येतं, आणि मशीनवर कापलेल्या साध्या पाटलीत 8 टक्के उडायला तसं कारणही नाही. शिवाय उद्या मोडायला नेल्या तर काट्यावर तीसच भरणार. ते 2.400 ग्रॅम तेव्हा कोणी मोजून देणार नाही.

त्याच दिवशी सराफांच्या गुजरीत गेलो. दुसऱ्या दिवसावर ढकललं असतं तर भाव बदलला असता आणि तुलनेला अर्थ राहिला नसता. तिथल्या सराफांचा भाव होता 9,020, शोरूमपेक्षा 20 रुपये जास्त. मजुरी 12 टक्के म्हणाले. आमचे हे तिथूनच उठायला लागले. मी म्हटलं, थांबा. "काका, घट?"

"घट नाही वहिनी. मजुरीतच आलं सगळं."

त्यांनी कागद ओढला आणि न विचारता चार ओळी लिहिल्या. तशाच घडणीच्या पाटल्या, हिशेब 30 ग्रॅमवर: सोनं 2,70,600, मजुरी 32,472, बेरीज 3,03,072. दोन्हीकडे या बेरजेवर जीएसटी 3 टक्के. कर आणि हॉलमार्क धरून शोरूमचं बिल 3,18,475 होत होतं आणि गुजरीतलं 3,12,270. भाव जास्त, मजुरी 'दुप्पट', आणि तरी 6,200 रुपयांनी स्वस्त.

एवढा हिशेब दुकानात बसून करायला नको असेल तर एकच भागाकार करा. कर लावण्याआधीची पूर्ण रक्कम भागिले काट्यावरचं निव्वळ वजन. शोरूम 10,303, गुजरी 10,102. घट, मजुरी, भाव सगळं त्या एका आकड्यात येतं.

मग मी काकांशी मजुरीवर बोलले. टक्केवारीत मजुरी घेतली की सोनं चढलं तशी मजुरीही चढते, कारागिराचं काम मात्र तेवढंच. त्यांचे 12 टक्के म्हणजे ग्रॅमला 1,082 पडत होते. "ग्रॅमला हजार धरा," म्हटलं. थोडं थांबून हो म्हणाले. करासकट आणखी अडीच हजार सुटले, आणि ते मी मागून घेतले याचा मला आनंद आहे. 'मजुरीत 50 टक्के सूट' असे बोर्ड लागतात तेव्हाही ती कशावरची सूट, घटीवर आहे का, हे विचारा.

एक राहिलं. पैसे देण्याआधी दोन्ही पाटल्या भिंगाखाली बघितल्या. बीआयएसचा त्रिकोणी शिक्का, 22K916, आणि सहा अक्षर-अंकांचा HUID, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक. प्रत्येक पाटलीचा HUID वेगळा हवा, जोडीला एक चालत नाही. BIS Care ॲपमध्ये Verify HUID वर तो टाकला की शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार दिसतो. पाटलीवरचा नंबर टाकल्यावर अंगठी दिसली तर तिथेच थांबायचं. ॲपमध्ये वजन बघायला जाऊ नका, त्यासाठी काटाच बघायचा. आणि बिलावर निव्वळ वजन, कॅरेट-शुद्धता आणि हॉलमार्कचं शुल्क वेगवेगळं लिहिणं हॉलमार्क दागिना विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. शोरूममध्ये मी मागत होते ती मेहेरबानी नव्हती.

तो भागाकार एकाच घडणीच्या दागिन्यांना लावा. हातघडणीचे तोडे आणि मशीनच्या पाटल्या अशी तुलना केलीत तर तोडे महाग दिसणारच. तिथे कारागिराचे दिवस जातात, आणि त्याची मजुरी जास्त असणं मला रास्तच वाटतं.