दोन कोऱ्या घरांनी खाल्लेली संध्याकाळ

चवथीच्या आदल्या दिवशी, माटोळी बांधायची सोडून, मी लॅपटॉपसमोर बसले होते. शाळेतून फोनवर एक्सेलचा स्क्रीनशॉट आला होता. दहा मुलांचे गुण, आणि खाली निरोप: "सकाळी सरासरी नि टक्केवारी हवी." मूळ फाईल मागितली, तर ती सरांच्या लॅपटॉपवर आणि सर गावी! फोटोवर सूत्र चालत नाही. मुकाट्याने सगळे आकडे टाइप केले.

गाडी अडली ती गणिताच्या रकान्यात. 20 पैकी गुण असे: 14, 17, कोरं, 11, 19, 0, कोरं, 16, 13, 15. बेरीज 105.

```
=AVERAGE(C2:C11)
```

याने 13.125 दिलं, म्हणजे 65.6 टक्के. स्क्रीनशॉटच्या तळाशी मात्र 10.5 छापलेलं, म्हणजे 52.5 टक्के. तासभर मी माझीच चूक शोधत होते. आकडे तीनदा ताडून पाहिले. मग 105 ला 10 ने भागलं आणि डोक्यात प्रकाश पडला. AVERAGE कोरी घरं मोजतच नाही, शून्य मात्र मोजतो. तिकडे कुणीतरी बेरजेला सरळ पटावरच्या दहा मुलांनी भागलं होतं. दोन कोऱ्या घरांमुळे तेरा टक्क्यांचा फरक!

पण कोरं म्हणजे काय, हे कुठलंच सूत्र सांगत नाही. शेवटी वर्गाच्या बाईंना फोन केला. "तिसरी मुलगी गैरहजर होती गो. सातव्याचा पेपर माझ्याकडेच राहिला, बारा आहेत त्याला." आणि तो शून्य? "तो खराच शून्य." मग 117 भागिले 9, सरासरी 13, टक्केवारी 65. गैरहजर मुलीच्या घरात "गै" लिहिलं. अक्षरंही AVERAGE वगळतो, आणि पुढच्याला प्रश्न पडत नाही.

प्रकल्पाचा रकाना त्यामानाने लवकर सुटला. तिथे घरं मर्ज केलेली होती: पहिल्या चौघांना मिळून एकच 8, पुढच्या चौघांना 6, शेवटच्या दोघांना 9, सगळे 10 पैकी. फोटोत दिसतात तसे तीनच आकडे टाकले, तर सरासरी 7.67 येते. प्रत्येक मुलासमोर त्याच्या गटाचा आकडा लिहिला, की खरी 7.4. मर्ज केलेला आकडा मधोमध किंवा तळाशी दिसतो, म्हणून तो कुठल्या ओळीपासून कुठपर्यंत आहे हे रेघांवरून पाहायचं.

हो, हे खरं तर आधीच सांगायला हवं होतं. टाइप करून झालं की

```
=COUNT(C2:C11)
```

लावायचं. फोटोत बोटाने मोजलेले आकडे आणि हे उत्तर जुळायला हवं. माझं आधी 7 आलं, कारण एका शून्याच्या जागी मी इंग्रजी ओ दाबला होता.

उत्तर पाठवताना "9 मुलांची सरासरी" असं मुद्दाम लिहिलं. सकाळी परत निरोप आला: "10.5 का नाही?"