सोळा सेट पुढे, दोन मागे

फैजपूर-सावद्याच्या पट्ट्यात जिम चालवताना आठवड्याचं वेळापत्रक केळीची कापणी ठरवते. परवा माझ्याकडे आलेला पोरगा कापणीच्या टोळीत आहे. दिवसभर घड खांद्यावरून वाहून गाडी भरायची, तेही पाणी दिलेल्या बागेतल्या चिखलातून. पाय दुखत असतील तर तिथे घसरायला होतं. म्हणून त्याला लेग डे एकच जमतो, सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी.

"भाऊ, एवढे पाय मारतो तरी मागून मांडी भरतच नाही," तो म्हणाला. मी त्याची वही मागितली. स्क्वॉट पाच सेट, लेग प्रेस चार, लंजेस तीन, लेग एक्स्टेन्शन चार. शेवटी वेळ उरला तर लेग कर्ल दोन. पोटऱ्यांचं नावच नाही. पहिली चार नावं वेगळी असली तरी गुडघा सरळ करण्याचं काम चौघांत तेच, म्हणजे सोळा सेटचा मुख्य भार मांडीच्या पुढच्या स्नायूंवर, क्वाड्सवर. ढुंगणाच्या स्नायूंना, ग्लूट्सना, स्क्वॉट आणि लंजेसमधून बरंच मिळत होतं, मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंगला जवळजवळ काहीच नाही.

"पण स्क्वॉटमध्ये तर पूर्ण पाय लागतो ना?" हा प्रश्न मला फार जण विचारतात, आणि उत्तर नीट समजून घ्यायला हवं. हॅमस्ट्रिंगचा बहुतेक भाग कमरेच्या खुब्यावरूनही जातो आणि गुडघ्यावरूनही. खाली बसताना खुब्याकडून तो ताणला जातो, त्याच वेळी गुडघा वाकल्याने तिकडून सैल पडतो. एकूण लांबी फारशी बदलत नाही, म्हणून स्क्वॉट कितीही केले तरी तो स्नायू फारसा वाढत नाही. त्याला दोन वेगळी कामं द्यावी लागतात: खुब्यातून वाकणारं रोमानियन डेडलिफ्ट आणि गुडघा दुमडणारं लेग कर्ल. त्याचा एक छोटा भाग फक्त गुडघ्यावरूनच जातो, त्यामुळे कर्ल सोडून चालतच नाही.

त्याच संध्याकाळी आम्ही नवं सत्र मांडलं. लेग कर्ल सगळ्यात आधी, दहा-बारा रेपचे तीन सेट. जे मागे पडलंय ते ताजं असताना करायचं. शिवाय गुडघेही गरम होतात. मग स्क्वॉट तीन सेट, सहा ते आठ रेप, पूर्ण खाली बसून, मध्ये तीन मिनिटं विश्रांती. खोल बसल्याने क्वाड्सबरोबर ग्लूट्सही पुरेसे लागतात. त्यानंतर रोमानियन डेडलिफ्ट तीन सेट. शेवटी लेग एक्स्टेन्शन दोन सेट, कारण क्वाड्समधला पुढचा एक स्नायूही खुबा आणि गुडघा दोन्हींवरून जातो आणि स्क्वॉटमध्ये मागे राहतो. पोटऱ्यांचे चार सेट उभं राहून, गुडघा सरळ ठेवून. बसून केलं तर वरची मोठी पोटरी सैल राहते आणि काम आतल्या स्नायूकडे जातं. लेग प्रेस आणि लंजेस काढून टाकले. त्याला ते जड गेलं, पण वहीतच दिसत होतं की स्क्वॉटनंतरच्या प्रत्येक व्यायामात तो उचलत असलेलं वजन उतरत होतं.

खरा वेळ गेला डेडलिफ्टवर. ऐंशी किलोने आठ स्क्वॉट मारणारा हा पोरगा साठ किलोचा बार धरून वाकला आणि पाठ गोल झाली. "कुठे ताण येतोय?" "कंबरेत." म्हणजे चुकतंय. बार काढून घेतला, त्याला भिंतीकडे पाठ करून पाऊलभर अंतरावर उभं केलं आणि सांगितलं, गुडघे थोडेच सैल ठेव, पाठ सरळ, फक्त ढुंगण मागे नेऊन भिंतीला टेकव. पाच-सहा वेळा झाल्यावर चाळीस किलो दिले, बार मांडीला घासत खाली. ढुंगण मागे जायचं थांबलं की तिथेच थांबायचं. त्याच्या बाबतीत ते गुडघ्याच्या जरा खाली येत होतं. जमिनीला टेकवायच्या हट्टात पाठ वाकते. तिसऱ्या रेपला तो थबकला. "आता मागून ओढतंय, भो!"

पोटरीत त्याची दुसरी सवय दिसली: तळाला उसळी घेऊन वर येणं. त्यात बरंचसं काम टाचेवरची शीर स्प्रिंगसारखं करते. तळाला दोन सेकंद थांबवलं तर वजन निम्म्यावर आलं आणि दहा रेप मुश्किलीने झाले.

पहिल्या वेळी मी प्रत्येक व्यायामाचे दोनच सेट करवले. हॅमस्ट्रिंगला ताणून काम द्यायची ही पहिलीच वेळ. पूर्ण मात्रा दिली असती तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाकताच आलं नसतं, आणि सुट्टी संपल्यावर त्याला घड उचलायचे आहेत. पूर्ण सेटवर दोन-तीन आठवड्यांत जायचं. दुखणं तीन दिवसांपेक्षा जास्त टिकलं तर एक सेट कमी.

एका दिवसात बसत नाही ते पोटरीचं. आठवड्यातून एकदाच चार सेटने ती हळूच वाढणार. म्हणून छातीच्या दिवशी शेवटी आणखी तीन सेट लिहून दिलेत. पायऱ्या असल्या की मशीनही लागत नाही. तेवढ्याने दुसऱ्या दिवशी चिखलात पाय अडखळतात का, ते तो पुढच्या खेपेला सांगणार आहे. अडखळले तर तेही काढू.