एकटा होतो तेव्हा 'आम्ही', चौदा झालो तेव्हा 'मी'

2009 साली भोसरी एमआयडीसीत एका गाळ्याचा अर्धा भाग भाड्याने घेऊन मी एक जुनी सीएनसी लेथ टाकली. मशीन लावणारा मी, चालवणारा मी, बिल लिहिणाराही मीच. पण गिऱ्हाइकाला निरोप मात्र "आम्ही उद्या माल पाठवतो" असाच जायचा. एकट्याने 'मी' लिहिलं की दुकान लहान दिसेल, अशी भीती होती. कायद्याच्या बाजूने पाहिलं तर ही गंमतच, कारण प्रोप्रायटरी फर्ममध्ये फर्म आणि मालक वेगळे नसतातच. 'आम्ही' लिहिलं तरी देणेकरी मीच होतो.

पुढे माणसं वाढत गेली. आज आम्ही चौदा जण आहोत. मधल्या काळात मला उलटी सवय लागली. "मी लॉट काढला", "मी सायकल टाइम कमी केला" असं मी लिहायला लागलो. वर्षानुवर्षं स्वतः मशीनवर उभं राहिलेल्या माणसाला दुसऱ्याच्या हातून झालेलं कामही आपलंच वाटत राहतं. त्यात माज नव्हता, पण वाचणाऱ्याला तो दिसायचा.

निरोप पाठवण्यापूर्वी पुन्हा लिहायची सवय लागली ती एका रिजेक्शनमुळे. एका मोठ्या गिऱ्हाइकाला 400 बुश, म्हणजे नळीसारखे पोकळ भाग, गेले होते. आतलं भोक, म्हणजे बोअर, 25 एच7 हवा होता, म्हणजे 25.000 ते 25.021 मिलीमीटर. मंगळवारी दुपारी त्यांच्या इनवर्डवर, माल आत घेतानाच्या तपासणीत, 37 नगांत गो गेज, म्हणजे किमान माप पाहायचा दांडा, शिरेना. कारण साधं होतं. बोअरिंगचा इन्सर्ट, म्हणजे कापणारं टोक, झिजत गेला की बोअर लहान होत जातो, आणि तेवढी भरपाई म्हणून मशीनला ऑफसेट द्यावा लागतो. तो दिला गेला नव्हता. दर 25 नगांनी प्लग गेज लावायचा, हा नियम भिंतीवर होता, हातात नव्हता.

आमच्या क्वालिटी बघणाऱ्या ताईंनी पहिला मसुदा केला: "सर, बोअर अंडरसाइज गेल्यामुळे रिजेक्शन आले आहे. यापुढे काळजी घेण्यात येईल." सरकारी पत्रासारखा. बोअर आपणहून लहान गेला आणि काळजीही आपोआप घेतली जाणार. यात माणूसच नाही. आपल्या भाषेत 'झालं', 'राहून गेलं', 'करण्यात येईल' म्हणत कर्त्याला मागच्या दाराने बाहेर काढणं फार सोपं असतं.

मग मी तो माझ्या पद्धतीने सुधारला: "सर, मी स्वतः लक्ष घातलं आहे. मी सेटरला समज दिली आहे. मी रात्री थांबून शिल्लक माल तपासतो. मी खात्री देतो." चार वाक्यं, चार 'मी'. ताईंनी वाचून एवढंच विचारलं, "म्हणजे चूक सेटरची आणि बाकी सगळं तुमचं?" मला राग आला, पण त्या बरोबर होत्या. दर 25 नगांनी गेज लागतो की नाही, हे पाहायची व्यवस्था मी केलीच नव्हती. आणि बाहेरच्या माणसासमोर कामगाराला पुढे करून मी नामानिराळा राहिलो होतो.

शेवटी गेलेला निरोप असा होता:

"सर, 400 पैकी 37 बुशचा बोअर लहान गेला आहे. चूक आमची आहे. इन्सर्ट झिजल्यावर ऑफसेट दिला गेला नाही आणि दर 25 नगांनी गेज लावायचा तो आम्ही लावला नाही. सगळे 400 नग आम्ही आमच्या गाडीने परत आणू आणि एकेक तपासू. 37 नग बोअर करून, रनआउट पाहून, शुक्रवारी सकाळी 11 पर्यंत मी तुमच्या गेटवर पोचवीन. अडचण वाटली तर मला फोन करा."

चूक 'आमची', कारण गिऱ्हाइकाने माल फर्मकडून घेतला होता, सेटरकडून नाही. काम 'आम्ही', कारण ते चार जणांच्या हातून होणार होतं. वेळ मात्र 'मी', कारण शुक्रवारी अकरा वाजता फोन कुणाला करायचा, हे समोरच्याला कळायला हवं. मध्ये गुरुवार, म्हणजे भोसरीतली साप्ताहिक सुट्टी. त्या दिवशी मशीन कोण चालू करणार, हा प्रश्नही त्या एका 'मी'ने सोडवला. सुदैवाने बोअर लहान होता. मोठा गेला असता तर माल भंगारात गेला असता.

त्यानंतर कळलेली एक खोच मराठीचीच आहे. ग्रुपवर कुणी पुरुषाने "उद्या पाठवतो" लिहिलं, तर तो 'मी पाठवतो' म्हणतोय की 'आम्ही पाठवतो', हे क्रियापदावरून कळत नाही. आमच्याकडे यावरून एक डिस्पॅच चुकला. स्टोअरवाल्याने ते वाक्य फर्मचं समजलं आणि लिहिणाऱ्याला वाटलं की स्टोअरवाला भरेल. ताई "पाठवते" लिहितात तेव्हा घोळ होत नाही, एकच बाई बोलतेय हे तिथेच कळतं. म्हणून वचन द्यायचं असेल तर पुरुषांनी 'मी पाठवीन' किंवा 'आम्ही पाठवू' असं स्पष्ट लिहायचं, असं ठरवलं.

'आपण'ने तर याहून मोठा घोटाळा केला. मी गिऱ्हाइकाला लिहिलं, "आपण ड्रॉइंग तपासून पुढे जाऊ." माझ्या मनात, दोघं मिळून. त्यांनी अर्थ घेतला, आमची फर्म तपासेल आणि पुढे जाईल. दोघांनीही तपासलं नाही आणि जुन्या रिव्हिजनवर माल निघाला. 'आपण' म्हणजे तुम्ही आणि आम्ही मिळून, पण त्यात नेमकं कोण करणार हे ठरत नाही. शिवाय आदराने म्हटलेलं 'तुम्ही'सुद्धा 'आपण'च. जबाबदारी ठरवायच्या वाक्यात आता मी तो शब्द घेत नाही. "रिव्हिजन तुम्ही कळवा, त्यावरून प्रोग्रॅम आम्ही बदलू," असं लिहितो. दुकानातल्या माणसाला "आपण हे लवकर संपवायला हवं" लिहिणंही सोडलं. तो हुकूमच असतो, फक्त 'आपण'ची शाल पांघरलेला.

श्रेय देताना मात्र मी अजूनही अडखळतो. मागच्या वर्षी सेटरने नग धरून ठेवणारे सॉफ्ट जॉ वेगळ्या पद्धतीने बोअर करून पकड बदलली, आणि एका नगाचा वेळ चार मिनिटं दहा सेकंदांवरून तीन मिनिटं वीस सेकंदांवर आला. गिऱ्हाइकाला कळवताना मी "आम्ही सुधारणा केली" लिहिलं. नम्र वाटत होतं, पण सेटर दिवसभर गप्प होता. सगळ्यांना वाटलेलं श्रेय त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी नवा निरोप लिहिला: "पकडीची कल्पना आमच्या सेटरची. ट्रायलचे 50 नग आम्ही तिघांनी काढले. तुमची मंजुरी आली की पुढच्या लॉटपासून मी हीच पद्धत लावीन." त्यात सेटरचं नाव होतं, इथे लिहीत नाही.

मंजुरी यायला नऊ दिवस लागले. तोवर तो रोज सकाळी विचारायचा, "साहेब, माझ्या जॉचं काय झालं?"