संज्ञा उष्टी असेल तर

“नवं मूलद्रव्य ज्यानं शोधलं, त्याला हवं ते नाव ठेवता येतं का?”

सुचवता येतं, तेही शोध मान्य झाल्यावर. दावा आधी आययुपॅक आणि आययुपॅप या रसायन व भौतिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनांचे तज्ज्ञ तपासतात. तोवर काम भागतं ते अणुक्रमांकाच्या आकड्यांवरून पाडलेल्या नावावर: ११३ म्हणजे उन-उन-ट्राय, म्हणून उनउनट्रियम, संज्ञा Uut. तात्पुरती संज्ञा तीन अक्षरी आणि कायमची दोन अक्षरी, त्यामुळे गल्लत होत नाही.

नाव पुराणकथेतलं पात्र किंवा कल्पना, खनिज, स्थळ, मूलद्रव्याचा गुणधर्म किंवा शास्त्रज्ञ यांपैकी कशावरून तरी हवं. शेवट ‘-इयम’, सतराव्या गणात ‘-ईन’, अठराव्यात ‘-ऑन’. इथवर सोपं आहे. लोक अडकतात ते पुढच्या अटीवर: एखाद्या मूलद्रव्यासाठी पूर्वी वापरून बाद झालेलं नाव दुसऱ्याला देत नाहीत. जुन्या शोधनिबंधांत ते नाव वेगळ्याच पदार्थासाठी छापलेलं असतं, वाचणारा फसतो.

११३ व्याचंच बघा. जपानच्या रिकेन संस्थेनं जस्ताचे अणू बिस्मथवर आदळून २००४ ते २०१२ या काळात त्याचे जेमतेम तीन अणू मिळवले. देशाचं ‘निप्पोन’ हे जपानी नाव द्यायचं तर ‘निपोनियम’ सहज सुचतं. पण मासाताका ओगावांनी १९०८ मध्ये ४३ वं मूलद्रव्य सापडल्याचं सांगून तेच नाव ठेवलं होतं, संज्ञा Np. त्यांच्या हाती लागलं होतं बहुधा ७५ वं, म्हणजे आजचं ऱ्हेनियम. दावा टिकला नाही, नाव मात्र उष्टं झालं. Np पुढे नेपच्युनियमकडे गेली. म्हणून ‘निहोन’ या दुसऱ्या उच्चारावरून निहोनियम, Nh. जून २०१६ मध्ये प्रस्ताव जाहीर झाला, पाच महिने कुणालाही हरकती घ्यायला मुभा होती, आणि २८ नोव्हेंबरला नाव पक्कं झालं.

हरकतींचा हा काळ निव्वळ उपचार नसतो. ११२ व्यासाठी २००९ मध्ये जर्मन गटानं कोपर्निशियम सुचवलं, संज्ञा Cp. नावाला अडचण नव्हती. पण Cp ही संज्ञा ल्युटेशियमच्या ‘कॅसिओपियम’ या जुन्या नावासाठी जर्मन पुस्तकांत कित्येक वर्षं छापली जात होती. शिवाय सायक्लोपेंटाडायनिल या अणूंच्या गटालाही रसायनशास्त्रज्ञ Cp च लिहितात. संज्ञा बदलून Cn झाली.

गंमत म्हणजे ११७ व्याच्या, टेनेसीनच्या, Ts बद्दलही अशीच तक्रार आली, कारण टोसिल गट Ts लिहितात. ती मात्र मानली नाही. Ac ॲक्टिनियमही असतं आणि ॲसिटिल गटही, आणि संदर्भावरून कळतं. मला हे पटतं: टोसिल गट सेंद्रिय रेणूंच्या सूत्रांत दिसतो, आणि क्षणात विघटन पावणाऱ्या टेनेसीनचं संयुग कुणी अजून बनवलेलंच नाही.