वडापावच्या गाडीवर आलेली नोटीस, सगळ्यांना कळेल अशी

‘उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, तपासणीदरम्यान अनुसूची ४ मधील तरतुदींचे उल्लंघन आढळून आल्याने सदर नोटीस प्राप्त झाल्यापासून १५ दिवसांच्या आत आवश्यक त्या सुधारणा करून अनुपालन अहवाल सादर करावा, अन्यथा नियमानुसार कारवाई करण्यात येईल.’

आमच्या गावातल्या बऱ्याच हातगाडीवाल्यांना थोड्याफार फरकाने हेच वाक्य असलेली नोटीस आली होती. फेरीवाल्यांच्या संघटनेत अर्ज, नोंदणी, नूतनीकरण असली कागदाची कामं मी करते, त्यामुळे नोटीस हातात पडली की लोक माझ्याकडे येतात. वडापावची गाडी लावणाऱ्या एका मावशींनी आल्या आल्या विचारलं, “गाडी कधी उचलणार?” नोटीस अन्न सुरक्षेची होती, जागेचा त्यात उल्लेखही नव्हता. पण सरकारी शिक्का दिसला की आधी अतिक्रमणाची गाडी डोळ्यांसमोर येते. वडे तळायचं तेल आणि बांधायचा कागद बदलायचा आहे, हे त्या कागदावरून कुणालाच कळलं नसतं.

मी अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना भेटले आणि नोटिशीचा मसुदा नव्याने लिहून देण्याची तयारी दाखवली. त्यांनी नकार दिला नाही, पण एक अट घातली. सोपं करताना कायद्याला लागणारं काही गळता कामा नये, नाहीतर नोटीस अपिलात टिकणार नाही. अट रास्तच होती. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ मधलं कलम ३२ सुधारणा नोटिशीचं आहे. नियम पाळला गेला नाही असं कशावरून वाटलं, नेमकं काय चुकलं, त्यावर कोणते उपाय करायचे आणि ते किती मुदतीत, या चार गोष्टी नोटिशीत असाव्याच लागतात. मुदत १४ दिवसांपेक्षा कमी देता येत नाही. हे कलम शांतपणे वाचल्यावर मला जाणवलं की कायदा स्वतःच स्पष्ट लिहायला सांगतो आहे. ‘आवश्यक त्या सुधारणा’ म्हटल्याने तिसरी गोष्ट पूर्ण होतच नाही. म्हणून जुन्या मसुद्यातली वाक्यं सोपी करत बसण्याऐवजी मी अधिकाऱ्यांची तपासणीची टिपणं मागून घेतली आणि लिखाण तिथून सुरू केलं.

मावशींच्या गाडीवर प्रत्यक्षात तीन गोष्टी आढळल्या होत्या. वडे वर्तमानपत्रात बांधून दिले जात होते. कांदा-मिरची कापायची फळी जमिनीवर होती. कढईतल्या तेलाचं मोजमाप मर्यादेच्या वर गेलं होतं. चौथा मुद्दा ‘वैयक्तिक स्वच्छता राखावी’ असा होता. त्या दिवशी काय दिसलं होतं, असं मी विचारलं. टिपणात तशी काहीच नोंद नव्हती, आणि अधिकाऱ्यांनी तो मुद्दा स्वतःहून काढला. जे दिसलंच नाही ते दुरुस्त कसं करायचं आणि दुरुस्त झालं हे तपासायचं तरी कसं?

राहिलेल्या प्रत्येक मुद्द्यासाठी आम्ही तीन ओळी ठरवल्या: काय दिसलं, काय करायचं, पुन्हा आल्यावर काय बघणार. तिसरी ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ती लिहिताना अधिकाऱ्यालाही स्वतःची अपेक्षा नक्की करावी लागते.

कागदाचा मुद्दा सोपा दिसत होता. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ ठेवायला आणि बांधायला २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी बंदी आहे, कारण छपाईची शाई गरम, तेलकट पदार्थात उतरते. मी लिहिलं, ‘वर्तमानपत्रात वडापाव बांधू नका.’ मावशी म्हणाल्या, “बांधत नाही आता. तळलेला घाणा निथळायला कागद नुसता परातीत घालते.” म्हणजे वड्याला शाई लागायची ती लागतच होती, वर तेल गरम असतानाच. मग ओळ अशी झाली: ‘वर्तमानपत्र किंवा कोणताही छापील कागद बांधायला, खाली अंथरायला किंवा तेल टिपायला वापरू नका. वडे स्टीलच्या जाळीवर निथळा. बांधायला खाद्यपदार्थांसाठीचा कोरा कागद वापरा.’ आणि पुन्हा बघणार काय, तर ‘गाडीवर रद्दी नसावी.’

फळीच्या मुद्द्यावर बराच वेळ गेला. परवाना आणि नोंदणीच्या नियमांना जोडलेल्या अनुसूची ४ मध्ये रस्त्यावरच्या विक्रेत्यांसाठी वेगळा भाग आहे. कामाचा पृष्ठभाग स्वच्छ, पाणी न शोषणारा, पुसायला सोपा आणि जमिनीपासून निदान ६० ते ७० सेंटीमीटर उंच असावा, असं त्यात म्हटलं आहे. गाडीवर सेंटीमीटरमध्ये कोणी मोजत नाही. मी सरळ ‘अडीच फूट’ लिहिलं होतं, पण अधिकाऱ्यांनी ते अडवलं. अडीच फूट म्हणजे ७६ सेंटीमीटर, आणि कायद्यापेक्षा जास्त उंची नोटिशीत मागता येणार नाही. त्यांचं बरोबर होतं. उद्या ७० सेंटीमीटरचा ओटा असलेल्या माणसाला त्या एका ओळीमुळे गाडी बदलावी लागली असती. शेवटी ‘कापायची फळी जमिनीवरून उचलून गाडीच्या ओट्यावर घ्या. ओटा २ फूट ४ इंच असेल तर उंचीचा नियम पूर्ण होतो’ असं लिहिलं. मावशींचा ओटा तेवढा होताच. खर्च शून्य! जुन्या नोटिशीमुळे त्या नव्या गाडीचा भाव काढत होत्या.

तेलाच्या मुद्द्यात मूळ नोटिशीत ‘टीपीसी विहित मर्यादेपेक्षा अधिक’ एवढंच होतं. तेल पुन्हा पुन्हा तापलं की त्यात खराब झालेले घटक साठत जातात. त्यांचं प्रमाण म्हणजे टीपीसी. ते मीटर तेलात बुडवून मोजतात आणि २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरायचं नाही. मसुद्यात आम्ही मीटरवर आलेला आकडा आणि त्याच्या शेजारी २५ ही मर्यादा लिहायला जागा ठेवली. पण मीटर विक्रेत्याकडे नसतो. त्यामुळे तेल काळपट आणि चिकट होणं, तापताना फेस येणं, नेहमीपेक्षा लवकर धूर निघणं या खुणा दिल्या, आणि त्या अंदाजासाठी आहेत, तपासणी मीटरनेच होईल, हेही लिहिलं. उरलेल्या तेलात रोज नवं तेल ओतून कढई भरायची सवय सगळीकडे आहे. ती मोडल्याशिवाय आकडा खाली राहत नाही, म्हणून ‘जुन्या तेलात नवं तेल घालू नका’ ही ओळ ठळक केली.

खरा गोंधळ तारखांचा होता. ‘प्राप्त झाल्यापासून १५ दिवस’ कधीपासून मोजायचे? नोटिशीवर छापलेली तारीख एक, ती गाडीवर पोचली आठवड्याने, आणि पोच घेऊन सही केली भाच्याने. मावशी छापील तारखेपासून मोजत होत्या आणि मुदत संपत आली म्हणून घाबरल्या होत्या. शेजारचा भेळवाला समजत होता की पंधराव्या दिवशी साहेब येणार. ‘१५ दिवसांच्या आत’ यात येण्याचा दिवस कुठेच नव्हता.

नव्या मसुद्यात दिवस मोजायचं काम वाचणाऱ्यावर ठेवलंच नाही. नोटीस हातात देताना अधिकारी स्वतः पेनाने तारखा लिहितो आणि त्यानंतरच पोच घेतो. नमुन्यात आम्ही हे उदाहरण भरून ठेवलं:

नोटीस हातात दिली: मंगळवार, १० जून.
सुधारणा पूर्ण करायची शेवटची तारीख: मंगळवार, २४ जून.
पुन्हा तपासणी: गुरुवार, २६ जून, संध्याकाळी ६ वाजता, गाडीवर.
नोटीस मान्य नसेल तर अन्न सुरक्षा आयुक्तांकडे अपील: २४ जूनपर्यंत.

अपिलाच्या तारखेवर मी अडून बसले. कायद्यात अपिलाला १५ दिवस आहेत, पण नोटिशीतली मुदत त्याआधी संपत असेल तर अपिलाची मुदतही तिथेच संपते. इथे सुधारणेला १४ दिवस दिलेत, म्हणून अपीलही २४ लाच संपतं. हा हिशोब गाडीवाल्याने करावा अशी अपेक्षा चुकीची आहे.

तपासणीची तारीख आधी सांगायला अधिकारी तयार नव्हते. सांगून गेलं की त्या दिवसापुरतं सगळं चकाचक असतं, असं त्यांचं म्हणणं. त्यावर आमचं असं ठरलं की नोटिशीतल्या तीन मुद्द्यांची फेरतपासणी ठरलेल्या वेळी होईल, आणि एरवी न सांगता तपासणीला येण्याचा अधिकार तसाच राहील. ही दोन्ही वाक्यं नोटिशीत एकाखाली एक आहेत. वेळ लिहिण्यालाही कारण होतं. आधी एकदा अधिकारी सकाळी अकराला येऊन गेले होते, आणि मावशींची गाडी लागते संध्याकाळी पाचनंतर. गाडी बंद आढळल्याचा शेरा पडला होता. भाजी आणि चटणी घरी होते, म्हणून घर बघायचं असेल तर त्याची वेळ वेगळी लिहायची, हेही त्यातूनच आलं.

पुढे काय होऊ शकतं, हे मी सौम्य केलं नाही. ‘अन्यथा नियमानुसार कारवाई’च्या जागी हे आलं: ‘२६ जूनला या तीन सुधारणा दिसल्या नाहीत, तर तुमचं म्हणणं ऐकून तुमची नोंदणी निलंबित होऊ शकते. निलंबन असेपर्यंत खाद्यपदार्थ विकता येणार नाहीत. निलंबनानंतर पुन्हा तपासणी होईल, ती किमान १४ दिवसांनी. तेव्हाही सुधारणा नसतील तर नोंदणी रद्द होऊ शकते.’ आणि सगळ्यात वर, नावाच्या खाली: ‘ही नोटीस खाद्यपदार्थांच्या स्वच्छतेबद्दल आहे. गाडीच्या जागेबद्दल नाही.’ कलमांचे क्रमांक शेवटी एका परिच्छेदात गेले. गळलं काहीच नाही.

मसुदा मी गाडीगाडीवर नेला. ‘समजलं का’ असं विचारलं की सगळे हो म्हणतात, म्हणून ते विचारलंच नाही. वाचून झाल्यावर कागद उलटा ठेवायचा आणि विचारायचं: काय बदलायचं, कोणत्या तारखेपर्यंत, कोण कधी येणार? ज्यांना वाचता येत नाही त्यांना घरचं माणूस वाचून दाखवायचं आणि उत्तर गाडीवाल्यानेच द्यायचं. बदल बहुतेकांना पहिल्या वाचनात सांगता आले. २४ आणि २६ मध्ये मात्र घोळ होत राहिला. मग दोन्ही तारखा वेगवेगळ्या चौकटीत टाकल्या, एकीवर ‘तुमचं काम’ आणि दुसरीवर ‘आमची भेट’. त्यानंतर उत्तरं बरोबर येऊ लागली. भेळवाल्यासाठी हाच मसुदा हिंदीतही केला.

एक ओळ मावशींच्या सांगण्यावरून शेवटी आली. जूनमध्ये धो धो पाऊस लागला की गाडी निघतच नाही, मग सहा वाजता साहेब येऊन परत जाणार आणि पुन्हा बंदचा शेरा. आता फेरतपासणीच्या तारखेखाली अधिकाऱ्याचा फोन नंबर लिहायला जागा आहे आणि त्याखाली छापलेलं आहे: ‘त्या दिवशी गाडी लागणार नसेल तर दुपारी दोनच्या आत कळवा. नवी तारीख या कागदावरच लिहून दिली जाईल.’