काठाशी अडलेला ड्रम

गणपतीच्या आदल्या आठवड्यात कुडाळच्या आमच्या गॅरेजात पाय ठेवायला जागा नसते. अशा गर्दीत एक जुनी क्वालिस आली. मागच्या डाव्या चाकातून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येत होता. ब्रेकच्या शूवरचा लायनर झिजून संपलाय आणि शूचं लोखंड चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून लागलंय, हे चाक न काढताच कळत होतं. प्रश्न ड्रम काढण्याचा होता. मालकांच्या म्हणण्यानुसार तो कित्येक वर्षांत कुणी उघडलाच नव्हता.

गाडी सरकू नये म्हणून पुढच्या चाकांना ओट लावली, मागचा भाग जॅकवर उचलून घोड्यांवर ठेवला, गिअर न्यूट्रल केला आणि हँडब्रेक सोडला. हँडब्रेकची केबल गंजून अडकली असेल, तर शू बाहेर ढकललेलेच राहतात आणि माणूस उगाच ड्रमशी झुंजत बसतो. म्हणून मागे केबल खरंच सैल पडली का, तेही हाताने बघून घेतलं. पडली होती.

मालक म्हणाले, "एक घण घाल रे, सुटतलो." आमचा पोरगा घण उचलून तयारच होता. त्याला थांबवलं. ड्रम बिडाचा असतो, कडेवर घाव बसला तर कपचा उडतो, नाहीतर चीर जाते. ठोकायचंच तर चाकाच्या स्टडांच्या मधल्या सपाट भागावर. तेही आधी मधल्या भोकाभोवती आणि स्टडांच्या मुळाशी गंज सोडवणारं तेल मारून, ते मुरायला वेळ देऊन.

या ड्रमला तोंडावर दोन आटे पाडलेली भोकं असतात. त्यात आठ मिलीमीटरचे दोन बोल्ट घालून आलटून पालटून पाव-पाव फेरा आवळत गेलो, की बोल्ट हबवर टेकतात आणि ड्रम बाहेर ढकलला जातो. थोड्या वेळाने 'टक' असा आवाज आला आणि हबवरची गंजाची पकड सुटली. ड्रम दोन-तीन मिलीमीटर बाहेर आला आणि तिथेच अडला. हाताने हलवला तर स्प्रिंगवर बसल्यासारखा मागे-पुढे होत होता.

ड्रम जागचा हलतच नसेल तर तो हबला गंजाने चिकटलेला असतो. थोडा येऊन लवचिकपणे अडत असेल तर आतून शूने धरलेला असतो. लायनर ड्रमच्या आतल्या कडेपर्यंत पोचत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं घासून मधला भाग खोल जातो आणि कडेला परातीच्या काठासारखी झिजलेली नसलेली कड उरते. अॅडजस्टर मात्र झीज होईल तसे शू आपोआप बाहेर सारत राहतो. म्हणजे शू त्या खोलगट जागेत जाऊन बसलेले आणि ड्रम ओढला की कड त्यांच्यावर अडणार. इथे बोल्ट आणखी आवळले असते तर शू धरणाऱ्या पिनांची डोकी मागच्या पत्र्यातून ओढली गेली असती, किंवा पत्राच वाकला असता.

म्हणून बोल्ट सैल केले, ड्रम परत आत बसवला आणि गाडीखाली गेलो. मागच्या पत्र्यावर रबरी बूच असतं, ते काढलं की बॅटरीच्या उजेडात अॅडजस्टरची दातेरी चकती दिसते. पोरगा स्क्रू ड्रायव्हर घालून चकती फिरवू लागला. एका बाजूला ती कट-कट करत सहज फिरली. तो खूश झाला. पण सहज फिरणारी ती दिशा आवळण्याची! चकतीवर एक पट्टी टेकलेली असते, तिचं कामच हे की चकती पुढे जावी, मागे येऊ नये. ज्या दिशेला अडतं, तीच सैल करण्याची दिशा. तिकडे जोर लावला तर दाते गोल होतात आणि मग पुढचे सगळे मार्ग बंद.

त्याच भोकातून एक बारीक स्क्रू ड्रायव्हर घालून पट्टी चकतीपासून जेमतेम दाताच्या उंचीइतकी दूर धरली. दुसऱ्या स्क्रू ड्रायव्हरने चकती उलटी फिरवायला लागलो. आटा गंजलेला होता, म्हणून तेल मारलं, दोन-तीन दाते आवळून परत मागे, असं करत करत तो मोकळा केला. मधूनमधून पोरगा वरून ड्रम फिरवून बघत होता. घासणं कमी होत गेलं, यावरून दिशा बरोबर असल्याची खात्री पटत होती. वीसेक दाते मागे आल्यावर दोन्ही बाजूंनी हात घालून ड्रम तिरका न होऊ देता ओढला आणि तो अलगद निघाला.

आतली काळी धूळ हवेने उडवू दिली नाही, जुन्या लायनरांत अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसून घेतली. मालकांना वाटत होतं, कड लेथवर काढली की काम झालं. आतला व्यास मोजला तर तो ड्रमवरच कोरलेल्या कमाल व्यासाच्या पलीकडे गेलेला. ड्रम नवाच घ्यावा लागला.

उजवीकडच्या ड्रमला बोल्ट लावण्याआधीच बूच काढलं. त्या बाजूच्या अॅडजस्टरचा आटा उलटा असतो, पण पोराने दिशा विचारली नाही. चकती कुठे कट-कट करते ते आधी ऐकलं आणि पट्टी उचलून दुसरीकडे फिरवायला लागला.